आधी बांध, मग वाटणी

मोबाइलवर एखादे पान वाचताना ते वर-खाली सरकते तसेच किंचित डावी-उजवीकडेही हलते, हा अनुभव बहुतेकांना आलेला असतो. उजव्या कडेला बोटभर पांढरी पट्टी दिसते, ओळींची शेवटची अक्षरे पडद्याच्या कडेआड जातात आणि अंगठ्याने पान पुन्हा जागेवर ओढावे लागते. याला कारणे अनेक असू शकतात. एखादे चित्र फार रुंद असते, एखादा तक्ता आक्रसत नाही. पण गेल्या काही वर्षांत बांधलेल्या पानांमध्ये एक कारण वारंवार सापडते आणि ते निव्वळ बेरजेचे आहे. ज्याने पान बांधले त्याने शंभराचे चार समान भाग केलेले असतात, भाग बरोबर असतात, आणि तरीही पान चौकटीबाहेर जाते. हे का होते ते समजून घेतले की ब्राउझर जागेचा हिशोब कोणत्या क्रमाने करतो, हेही समजते.

वेबपानावर कोणती गोष्ट कुठे बसवायची, हे सीएसएस या भाषेत लिहितात. त्या भाषेत ‘ग्रिड’ नावाची एक मांडणी आहे. आपण एक चौकट ठरवायची, तिचे उभे कॉलम किती आणि किती रुंद ते सांगायचे, आणि आतल्या वस्तू ब्राउझर ओळीने त्या कॉलमांत बसवत जातो. एखाद्या प्रकाशकाच्या संकेतस्थळावरचे पुस्तकांचे पान डोळ्यांपुढे आणा. एका ओळीत चार मुखपृष्ठे हवीत, आणि ती एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे थोडी मोकळी जागा हवी. ही मोकळी जागा `gap` या नावाने लिहितात. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण असे लिहितात:

```css
.pustake {
  display: grid;
  grid-template-columns: 25% 25% 25% 25%;
  gap: 24px;
}
```

वाचायला हे निर्दोष वाटते. आता आकडे घालून पाहू. संगणकाच्या पडद्यावर ही चौकट ९६० पिक्सेल रुंद आहे असे धरा. पंचवीस टक्के म्हणजे २४० पिक्सेल. असे चार कॉलम झाले की ९६० पिक्सेल संपले, चौकट काठोकाठ भरली. पण चार कॉलमांच्या मधे तीन मोकळ्या पट्ट्या आहेत, प्रत्येकी २४ पिक्सेलच्या. त्यांची बेरीज ७२. म्हणजे एकूण लांबी १०३२ पिक्सेल होते आणि चौथ्या पुस्तकाचा उजवा भाग चौकटीबाहेर लोंबतो. हेच पान ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर उघडले तर प्रत्येक कॉलम ९० पिक्सेलचा होतो, चार मिळून ३६०, आणि पट्ट्यांसह ४३२.

दोन्ही पडद्यांवर पान बाहेर गेले ते बरोबर ७२ पिक्सेलच. पडदा कितीही मोठा किंवा लहान असो, हा आकडा बदलत नाही, कारण तो फक्त पट्ट्यांचा आहे. मोठ्या पडद्यावर चौकटीच्या बाजूला बहुधा रिकामा समास असतो, त्यामुळे ७२ पिक्सेल बाहेर गेलेले कुणाच्या लक्षात येत नाही. फोनवर समास जवळजवळ नसतोच, आणि तिथे तेवढेच ७२ पिक्सेल म्हणजे पडद्याचा पाचवा हिस्सा. म्हणून हा दोष कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर निसटतो आणि वाचकाच्या हातात गेल्यावर उघडा पडतो. निदानाची सोपी खूणही हीच आहे. पान किती बाहेर गेले ते मोजा. तो आकडा ‘एक पट्टी गुणिले कॉलमांपेक्षा एक कमी’ एवढा भरला, तर दुसरे कारण शोधत बसायला नको.

मग ब्राउझर टक्के मोजताना पट्ट्या आधीच वजा का करत नाही? कारण टक्के ‘कशाचे’ हा प्रश्न सीएसएसमध्ये पक्का सुटलेला आहे. कॉलमसाठी लिहिलेले टक्के हे चौकटीच्या आतल्या पूर्ण रुंदीचे टक्के असतात. त्या रुंदीत पट्ट्या किती, शेजारी कॉलम किती, याच्याशी त्या आकड्याला काही देणेघेणे नाही. ९६०चे पंचवीस टक्के २४०, मग शेजारी तीन कॉलम असोत की तेरा. पट्टीची रुंदी बदलली म्हणून २५ टक्क्यांचा अर्थ बदलला असता, तर टक्के लिहिण्यात काही भरवसाच उरला नसता. ब्राउझर इथे चूक करत नाही. त्याला जे सांगितले ते तो अक्षरशः करतो.

पट्टीबद्दल ग्रिडच्या नियमावलीत एक गोष्ट आहे, ती एकदा कळली की सगळे चित्र स्पष्ट होते. कॉलमांची मापे ठरवताना प्रत्येक पट्टी ही एक रिकामा, ठरावीक रुंदीचा कॉलमच आहे असे धरले जाते. म्हणजे आपण वर जी ओळ लिहिली, ती ब्राउझरच्या हिशोबात अशी उतरते:

```css
25% 24px 25% 24px 25% 24px 25%
```

आता बेरीज शंभर टक्क्यांपेक्षा जास्त आहे हे सांगावे लागत नाही, ते दिसते. माझ्या मते `gap` शिकवताना सगळ्यात आधी हीच ओळ फळ्यावर लिहायला हवी. पट्टी वेगळ्या ओळीत लिहिली जाते, म्हणून ती वेगळ्या जागेतून येते असे मनाला वाटते. प्रत्यक्षात ती त्याच रुंदीतून जाते.

शेतीच्या वाटणीत हा प्रश्न गावोगाव माहीत आहे. शंभर हात रुंदीच्या शेताचे चार भावांत पंचवीस-पंचवीस हात वाटून दिले, तर बांध घालायला जागा कुठून आणायची? एक तर कुणाचे तरी शेत कमी होणार, नाही तर शेवटच्या भावाचा बांध शेजाऱ्याच्या रानात जाणार. जाणता माणूस आधी तीन बांधांची रुंदी बाजूला काढतो आणि राहिलेल्या जमिनीचे चार वाटे करतो. ग्रिडमध्ये हे काम `fr` हे एकक करते.

`fr` हे लांबीचे माप नाही, तो एक वाटा आहे. `1fr` किती पिक्सेल हे सगळा हिशोब होईपर्यंत कुणालाच माहीत नसते, ब्राउझरलाही नाही. हिशोबाचा क्रम असा. चौकटीची रुंदी घ्यायची. तिच्यातून सगळ्या पट्ट्या वजा करायच्या. मग ज्या कॉलमांची रुंदी पिक्सेलमध्ये, टक्क्यांत किंवा मजकुरावरून आधीच ठरली आहे, ती वजा करायची. जे उरले ते सगळ्या `fr` आकड्यांच्या बेरजेने भागायचे. आलेला भागाकार म्हणजे एका `fr`ची किंमत. आपल्या चार पुस्तकांसाठी टक्क्यांऐवजी `1fr 1fr 1fr 1fr` लिहिले, तर ९६० वजा ७२ म्हणजे ८८८, आणि त्याला चाराने भागले की २२२. चार वेळा २२२ अधिक ७२, बरोबर ९६०. फोनवर ३६० वजा ७२ म्हणजे २८८, प्रत्येक कॉलम ७२ पिक्सेलचा. कॉलम अरुंद झाला खरा, पण चौकट मोडली नाही. उद्या पट्टी २४ऐवजी ३२ पिक्सेलची केली तरी कॉलमांची ओळ तशीच ठेवता येते, वाटा आपोआप २१६वर येतो.

वाटे असमान असले तरी रीत तीच. त्याच पानावर खाली डावीकडे २०० पिक्सेलचे लेखकाचे छायाचित्र, मधे पुस्तकांची यादी आणि उजवीकडे यादीच्या दुप्पट जागा घेणारा परिचय हवा आहे. ते असे लिहिता येते:

```css
grid-template-columns: 200px 1fr 2fr;
gap: 20px;
```

९६०मधून दोन पट्ट्यांचे ४० गेले, छायाचित्राचे २०० गेले, उरले ७२०. वाटे एकूण तीन, म्हणून एक वाटा २४०. यादी २४०, परिचय ४८०. छायाचित्र उद्या २६० पिक्सेलचे झाले तर उरतील ६६०, आणि वाटे होतील २२० व ४४०.

इथे एका गैरसमजाला जागा आहे. `1fr 3fr` म्हणजे पाव आणि पाऊण, असे वाटते. आहे ते पाव आणि पाऊणच, पण पूर्ण रुंदीचे नव्हे, उरलेल्या रुंदीचे. ९६०च्या चौकटीत २४ची एक पट्टी सोडून ९३६ उरतात, त्यांचे २३४ आणि ७०२. आता वरच्या ओळीत चार पुस्तके २२२ पिक्सेलची आहेत आणि खालच्या ओळीत, वेगळ्या ग्रिडमध्ये, पहिला कॉलम २३४ पिक्सेलचा आहे. बारा पिक्सेलांनी कडा चुकते. डोळ्याला हे लगेच खुपते, पण आकडे पाहणाऱ्याला कारण सापडत नाही, कारण दोन्हीकडे त्याने ‘चौथा भाग’ लिहिलेला असतो. फरक पट्ट्यांचा आहे. वरच्या ओळीत तीन पट्ट्या वजा झाल्या, खालच्या ओळीत एकच. कडा जुळवायच्या असतील तर खालीही चारच कॉलम ठेवावेत आणि परिचयाला `grid-column: span 3` म्हणून तीन कॉलम व्यापायला सांगावे. मग त्याला २२२चे तीन कॉलम आणि मधल्या दोन पट्ट्या मिळून ७१४ पिक्सेल मिळतात, आणि त्याची डावी कडा दुसऱ्या पुस्तकाच्या डाव्या कडेखाली नेमकी येते.

टक्क्यांची सवय कुठून आली, याला इतिहास आहे आणि तो निष्काळजीपणाचा नाही. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. लहानमोठ्या सर्व पडद्यांवर एकच पान नीट बसावे अशी मांडणी कशी करायची, ते त्यात सांगितले होते; आज आपण ज्याला रिस्पॉन्सिव्ह मांडणी म्हणतो तिला ते नाव या लेखाने दिले. हव्या असलेल्या रुंदीला भोवतालच्या चौकटीच्या रुंदीने भागायचे आणि येणारी टक्केवारी लिहायची, ही त्यातली मूळ रीत. तेव्हा `gap` नव्हते. दोन कॉलमांमधली जागा समासाने ठेवत आणि तो समासही टक्क्यांत लिहीत. चार कॉलम साडेतेवीस टक्क्यांचे आणि तीन समास दोन-दोन टक्क्यांचे, म्हणजे ९४ अधिक ६, शंभर. बेरीज करणारा माणूस पट्ट्या स्वतःच वजा करत होता. टक्क्यांची रीत त्या हिशोबात चोख होती.

पुढे ग्रिड आले. त्याचा पहिला अवतार मायक्रोसॉफ्टने २०१२ साली इंटरनेट एक्स्प्लोरर १०मध्ये दिला. त्यात `fr` होते, पण `gap` नव्हते. पट्टी हवी असेल तर लोक मधे एक रिकामा कॉलम लिहीत, `1fr 24px 1fr` असा. आजचे ग्रिड मार्च २०१७ मध्ये एकाच महिन्यात फायरफॉक्स ५२, क्रोम ५७ आणि सफारी १०.१मध्ये उतरले, आणि त्यात पट्टीला स्वतंत्र ओळ मिळाली, आधी `grid-gap` आणि नंतर नुसते `gap` या नावाने. लिहिणे फार सोपे झाले. पण जुन्या पानातले २५ टक्के नव्या ग्रिडमध्ये जसेच्या तसे आले, आणि पट्ट्यांची वजाबाकी, जी आधी माणूस करत होता, ती कुणाकडेच उरली नाही.

गोंधळात भर पडते ती फ्लेक्सबॉक्स या दुसऱ्या मांडणीमुळे. त्यात चार वस्तूंना २५ टक्के रुंदी आणि २४ पिक्सेलचा `gap` दिला तर त्या एका ओळीत व्यवस्थित बसतात, पान बाहेर जात नाही. साहजिकच वाटते की टक्के आणि `gap` यांचे जमते. प्रत्यक्षात तिथेही बेरीज १०३२च होते. पण फ्लेक्सबॉक्समधल्या वस्तूंना जागा कमी पडल्यास आक्रसण्याची मुभा मुळातच दिलेली असते, त्यामुळे त्या २४०वरून २२२वर येतात. वस्तू पुढच्या ओळीवर जाण्याची परवानगी दिली की हेच पान वेगळे वागते: चौथे पुस्तक खाली जाते आणि वर तीनच राहतात. ग्रिडच्या कॉलमाला ही आक्रसण्याची पायरीच नाही. २५ टक्के म्हटले की २४०, आणि तो आकडा शेवटपर्यंत २४०च राहतो.

बाहेर गेलेले पान आत आणण्यासाठी लोक जे उपाय करतात, त्यांतले काही तपासून पाहण्यासारखे आहेत. पहिला उपाय `box-sizing: border-box`. याने वस्तूची कडा आणि आतला समास तिच्या रुंदीत मोजला जातो, आणि कितीतरी जुने दोष याने खरोखर गेले. पण पट्टी ही कोणत्याच वस्तूच्या आत नसते, ती दोन कॉलमांच्या मधे असते. म्हणून या उपायाचा इथे काडीचा उपयोग होत नाही.

दुसरा उपाय पंचवीसऐवजी चोवीस टक्के लिहिण्याचा. चार चोवीस शहाण्णव, म्हणजे चार टक्के पट्ट्यांसाठी राखले. पण ९६०च्या चौकटीत चार टक्के म्हणजे ३८.४ पिक्सेल, आणि पट्ट्यांना ७२ हवेत. पान अजूनही बाहेर, फक्त कमी. चार टक्के बरोबर ७२ भरतात ते चौकट १८०० पिक्सेल रुंद असेल तेव्हाच. त्याहून अरुंद पडद्यावर पान बाहेर जाते, त्याहून रुंद पडद्यावर उजवीकडे रिकामी फट राहते. पट्टी पिक्सेलमध्ये आणि कॉलम टक्क्यांत असतील तर अंदाजाने निवडलेली कोणतीही टक्केवारी फक्त एका रुंदीवर जुळते.

तिसरा उपाय `overflow-x: hidden`. याने पान हलायचे थांबते, कारण बाहेर गेलेला भाग कापला जातो. चौथ्या पुस्तकाची किंमत त्या कापलेल्या भागात असेल तर ती वाचकाला दिसणारच नाही. शिवाय पान सरकवताना वर चिकटून राहणारा मथळा असेल, तर भोवतालच्या चौकटीवर लावलेल्या या ओळीने तो चिकटायचा थांबू शकतो. दोष झाकला जातो आणि पुढच्या माणसाला सापडणे आणखी अवघड होते. हा उपाय मला कधीच योग्य वाटलेला नाही.

टक्क्यांतच राहायचे असेल तर खरी वजाबाकी लिहावी लागते: `calc((100% - 72px) / 4)`. याचे उत्तर २२२च येते. फक्त पट्टी बदलली किंवा कॉलम पाच केले की ७२ आणि ४ हे दोन्ही आकडे आठवणीने बदलावे लागतात. `fr` हीच वजाबाकी न लिहिता करते.

टक्के टाकाऊ आहेत असा याचा अर्थ मात्र नाही. `30% 1fr 1fr` असे लिहिले तर ९६०मधून दोन पट्ट्यांचे ४८ आणि तीस टक्क्यांचे २८८ जातात, उरलेल्या ६२४चे दोन वाटे ३१२चे होतात, आणि सगळे नीट बसते. ओळीत एक तरी `fr` असला की कमी-जास्त जागा तो सोसतो. अडचण येते ती सगळेच कॉलम टक्क्यांत लिहून त्यांची बेरीज शंभरावर नेली, म्हणजे पट्ट्यांसाठी काहीच शिल्लक ठेवले नाही, तेव्हा.

आता `fr`ची स्वतःची एक बाजू सांगायला हवी, नाहीतर टक्के काढून `fr` घातल्यावरही पान हलते तेव्हा माणूस गोंधळतो. `1fr` म्हणजे काय, याचे पूर्ण उत्तर ‘उरलेल्या जागेचा एक वाटा, पण आतल्या मजकुराला लागणाऱ्या किमान रुंदीपेक्षा कमी नाही’ असे आहे. किमान रुंदी म्हणजे मजकूर जिथे जिथे तोडता येतो तिथे तोडल्यावर जो सर्वांत लांब तुकडा उरतो, तेवढी. साध्या परिच्छेदात हा तुकडा म्हणजे सर्वांत लांब शब्द. मराठीत ब्राउझर शब्द सहसा रिकाम्या जागेवरच तोडतो, त्यामुळे मोठ्या टायपातल्या मथळ्यात ‘स्वातंत्र्योत्तरकालीन’ असा एक शब्द आला तरी कॉलम तेवढा रुंद व्हायचा हट्ट धरतो. संकेतस्थळाचा लांबलचक पत्ता तर याहून वाईट, कारण त्यात तोडायला जागाच थोडी असते.

आपल्या चार पुस्तकांपैकी एकाच्या खाली असा पत्ता आहे आणि तो ३९० पिक्सेल लांब आहे असे समजा. ब्राउझर आधी नेहमीप्रमाणे भागाकार करतो, वाटा २२२ येतो. मग तो प्रत्येक कॉलमाची किमान गरज पाहतो. एका कॉलमाला ३९० हवेत, २२२ पुरत नाहीत. तेव्हा तो त्या कॉलमाला वाटणीतून बाहेर काढतो, त्याची रुंदी ३९० ठरवून टाकतो आणि उरलेल्यांसाठी हिशोब पुन्हा करतो: ८८८ वजा ३९० म्हणजे ४९८, भागिले तीन, १६६. चौकट मोडली नाही, बेरीज अजूनही ९६०च आहे, पण चार समान वाटे मागितले होते आणि मिळाले १६६, १६६, १६६ आणि ३९०. फोनवर तर वाटण्यासाठी २८८च आहेत आणि एकटा पत्ता ३९० मागतो. मग बाकीचे तीन कॉलमही आपापल्या किमान रुंदीवर येऊन थांबतात आणि `fr` असूनही पान बाहेर जाते. ही वेळ ओळखण्याची खूण वेगळी आहे: इथे बाहेर गेलेला आकडा पट्ट्यांच्या बेरजेशी जुळत नाही, आणि मजकूर बदलला की तोही बदलतो.

यावर उपाय दोन, आणि ते वेगवेगळे काम करतात. `1fr`च्या जागी `minmax(0, 1fr)` लिहिले तर किमान रुंदीची अट शून्यावर येते आणि चारही कॉलम २२२चे होतात. पण पत्ता अजूनही ३९०चाच आहे. तो आता कॉलम न ताणता पट्टी ओलांडून शेजारच्या पुस्तकावर चढतो. म्हणून मजकुरालाच तोडण्याची परवानगी द्यावी लागते, `overflow-wrap: anywhere` या ओळीने. याच्यासारखीच दिसणारी `overflow-wrap: break-word` ही ओळ पुष्कळ जण वापरतात. तीही शब्द तोडते, पण किमान रुंदी मोजताना ते तोडणे धरत नाही. त्यामुळे एकटी ती लिहिली तर कॉलम ३९०चाच राहतो आणि तोडायची वेळच येत नाही. `anywhere` मात्र किमान रुंदीच्या हिशोबातही धरले जाते, म्हणून लांब पत्त्यांसाठी ती एकच ओळ बहुधा पुरते.

हे सगळे कागदावर मोजत बसायची गरज नाही. संगणकावर ब्राउझरची तपासणीची खिडकी उघडली की ग्रिडच्या चौकटीवर रेघा आखून दाखवण्याची सोय फायरफॉक्समध्येही आहे आणि क्रोममध्येही. पट्ट्या त्यात वेगळ्या छटेत दिसतात. नेमके आकडे हवे असतील तर खालची ओळ तिथे चालवावी:

```js
getComputedStyle(document.querySelector('.pustake')).gridTemplateColumns
```

उत्तर टक्क्यांत किंवा `fr`मध्ये येत नाही, प्रत्यक्ष वापरलेल्या पिक्सेलमध्ये येते. `240px 240px 240px 240px` आले तर पट्ट्या वजा झालेल्या नाहीत. `222px` चार वेळा आले तर वाटणी बरोबर आहे. एक आकडा इतरांपेक्षा फुगलेला दिसला तर त्या कॉलमात न तुटणारे काहीतरी आहे, तिथेच शोधावे.

`fr`लाही एक भिंत आहे, ती म्हणजे उरलेली जागा संपणे. संगणकासाठी बारा कॉलमांचे ग्रिड आखण्याची पद्धत आहे. बारा कॉलमांना अकरा पट्ट्या लागतात. पट्टी २४ची असेल तर त्यांचे २६४ होतात, आणि ३६०च्या फोनवर बारा कॉलमांना मिळून ९६ पिक्सेल उरतात, प्रत्येकी आठ. पट्टी ४०ची केली तर पट्ट्यांनाच ४४० पिक्सेल हवेत. वाटायला काही उरतच नाही, आणि वाटा शून्याखाली जाऊ शकत नाही, म्हणून पान पुन्हा बाहेर. उभ्या दिशेलाही असेच काहीसे होते. चौकटीची उंची ठरवून दिलेली नसेल तर ‘उरलेली उंची’ ही गोष्टच नसते, आणि ओळींना दिलेले `1fr` मजकुराच्या उंचीवरून ठरते. सगळ्यात उंच ओळ जेवढी, तेवढ्याच बाकीच्या होतात.

अरुंद पडद्यावर कॉलमांची संख्याच कमी व्हायला हवी, आणि ते काम ब्राउझरवर सोपवता येते:

```css
grid-template-columns:
  repeat(auto-fill, minmax(150px, 1fr));
gap: 24px;
```

इथे ब्राउझर आधी पाहतो की किमान १५० पिक्सेलचे किती कॉलम, मधल्या पट्ट्यांसह, चौकटीत मावतात. ९६०मध्ये पाच मावतात: ७५० अधिक चार पट्ट्यांचे ९६, म्हणजे ८४६, सहावा घेतला तर १०२० होतात. पाच ठरल्यावर ९६० वजा ९६ म्हणजे ८६४चे पाच वाटे, प्रत्येकी १७२.८. फोनवर ३६०मध्ये दोनच मावतात, एक पट्टी वजा करून ३३६ उरतात आणि प्रत्येक पुस्तकाला १६८ पिक्सेल मिळतात. मोठ्या पडद्यावर आणि फोनवर मुखपृष्ठ जवळजवळ तेवढेच दिसते, आणि कॉलम मोजण्यापासून वाटे करण्यापर्यंत कुठेही पट्टी हिशोबातून सुटत नाही.